कार्ड निवडण्याआधी कॅमेऱ्याची फाइल तपासा

लग्नाच्या मिक्सिंगसाठी नवा कॉम्प्युटर जोडायचा ठरला की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं घ्यावं की एएमडीचं? आणि दुकानदाराचं उत्तरही ठरलेलं असतं, रेंडरच्या मिनिटांत. अमुक कार्डावर तासाभराची फिल्म इतक्या मिनिटांत बाहेर पडते, तमुकवर तितक्या. ग्राहक दोन आकडे पाहतो आणि कमी आकडा असलेला खोका उचलतो.

पण रेंडर लावून माणूस जेवायला जातो, नाहीतर झोपतो. तेवढ्या वेळात पाच मिनिटं वाचली काय आणि वाढली काय. त्याआधीचे आठ-दहा तास तो टाइमलाइनसमोर बसलेला असतो. प्ले दाबल्यावर चित्र अडखळलं, कट मारल्यावर स्क्रीन क्षणभर गोठली, तर दिवस तिथे वाया जातो. कार्डाची परीक्षा त्या दहा तासांत व्हायला हवी. त्यासाठी कार्डाच्या पोटात काय असतं, ते थोडं समजून घ्यावं लागेल.

व्हिडिओच्या कामात एकच ग्राफिक्स कार्ड तीन वेगळ्या नोकऱ्या करतं. पहिली इफेक्ट्सची: कलर करेक्शन, नॉइज काढणं, स्लो मोशन. हे काम हजारो छोटे गणनाकेंद्रक मिळून करतात, आणि कार्डाची किंमत मुख्यतः त्यांच्या संख्येवर ठरते. दुसरी नोकरी डिकोडची, म्हणजे कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली फाइल उलगडून चित्र दाखवण्याची. तिसरी एन्कोडची, म्हणजे तयार फिल्म पुन्हा दाबून फाइल बनवण्याची. या शेवटच्या दोन कामांसाठी चिपवर स्वतंत्र, छोटी सर्किट असतात. एनव्हिडिया त्यांना एनव्हीडेक आणि एनव्हेंक म्हणते; एएमडीकडे दोन्ही मिळून व्हीसीएन आहे. ती सर्किट कोणत्या पिढीची आहेत, यावर कार्डाला काय जमेल हे ठरतं. कार्ड किती महाग आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. म्हणूनच २०२२ मधलं एनव्हिडियाचं महागडं आरटीएक्स ४०९० एका विशिष्ट प्रकारची फाइल उलगडू शकत नाही आणि २०२५ मधलं स्वस्त आरटीएक्स ५०६० ती सहज उलगडतं.

ही विशिष्ट फाइल म्हणजे ४:२:२, १०-बिट. माझ्या मते सारी निवड इथे अडकलेली आहे.

व्हिडिओमध्ये प्रत्येक पिक्सेलची उजेड-अंधाराची नोंद ठेवतात, पण रंगाची नोंद काटकसरीने ठेवतात, कारण आपला डोळा रंगाच्या बारकाव्यांना तितका तीक्ष्ण नसतो. शेजारशेजारच्या चार पिक्सेलांच्या चौकोनात रंगाची एकच नोंद ठेवली तर तो ४:२:०, दोन ठेवल्या तर ४:२:२. मोबाइल, ड्रोन, यूट्यूब, टीव्ही यांचं बहुतेक सगळं ४:२:० मध्ये चालतं. पण सोनीचा ए७ फोर किंवा एफएक्स३, कॅननचा आर६ यांसारख्या कॅमेऱ्यांत ४:२:२ आणि १०-बिटची सोय आली, आणि हळदीचा पिवळा, शालूचा गर्द हिरवा नंतर हवा तसा ओढता येतो म्हणून व्हिडिओग्राफर ती वापरू लागले. कॅमेऱ्याच्या मेन्यूत एक पर्याय बदलला एवढंच त्यांना दिसतं. तिकडे एडिटिंगच्या मशीनवर मात्र आभाळ कोसळतं.

कारण आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतचं एनव्हिडियाचं एकही गेमिंग कार्ड या फाइली हार्डवेअरमध्ये उलगडत नाही. एएमडीच्या कार्डांना तर २०२५ च्या आरएक्स ९००० मालिकेतही हे जमत नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि चार कॅमेऱ्यांची मल्टिकॅम टाइमलाइन लावली की प्रोसेसर मान टाकतो. एनव्हिडियाने आरटीएक्स ५० मालिकेत, म्हणजे २०२५ मध्ये, एच.२६४ आणि एच.२६५ दोन्हीसाठी ४:२:२ ची सोय दिली. त्याच्या कितीतरी आधी ही सोय अनपेक्षित ठिकाणी आली होती: इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये. तिथे एच.२६५ मधली ४:२:२, १०-बिट फाइल व्यवस्थित उलगडते. मेख अशी की ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ हे अक्षर असतं, त्यात ही अंगभूत ग्राफिक्सच नसतात. ‘कार्ड तर घेतोच आहात, मग एफवाला घ्या, स्वस्त पडेल’ हा दुकानातला सल्ला गेम खेळणाऱ्यासाठी ठीक आहे. एडिटिंग करणाऱ्याने तो ऐकला तर थोड्या पैशांसाठी कामाची गोष्ट हातची जाते.

आपला कॅमेरा नक्की काय रेकॉर्ड करतो हे मेन्यूवरून आठवत बसू नका; फाइललाच विचारा. एफएफएमपेग हे मोफत साधन मशीनवर असेल तर एक ओळ पुरते:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,pix_fmt -of default=nw=1 C0001.MP4
```

उत्तर दोन ओळींत येतं:

```
codec_name=h264
pix_fmt=yuv422p10le
```

दुसऱ्या ओळीत 422 दिसलं की फाइल ४:२:२. 420 दिसलं की काळजी नाही, दोन्ही कंपन्यांची कार्डं ती सुखाने उलगडतील. एक अपवाद ध्यानात ठेवा: एच.२६४ मध्येच १०-बिट असेल, तर 420 असूनही जुनी कार्डं हात वर करतात. पहिली ओळही म्हणूनच महत्त्वाची. वरच्या उदाहरणातली फाइल सोनीच्या एक्सएव्हीसी एस प्रकारची आहे, म्हणजे एच.२६४ मधली ४:२:२. ही सर्वांत अडेल जात. इंटेलच्या अकराव्या पिढीची जी सोय वर सांगितली ती एच.२६५ साठी होती, या फाइलसाठी नव्हे. याच कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस निवडलं तर फाइल एच.२६५ मध्ये येते आणि मार्ग मोकळा होतो. कधीकधी कार्डाऐवजी कॅमेऱ्याचा मेन्यू बदलणं स्वस्त पडतं ते असं.

काम हार्डवेअर करतंय की प्रोसेसर, हे ओळखायला विंडोजचा Task Manager पुरतो. त्यात Performance खाली कार्डाचे आलेख असतात. टाइमलाइन चालू असताना Video Decode (एएमडीच्या नव्या कार्डांवर Video Codec) या नावाचा आलेख वर गेला तर कार्ड कामाला लागलंय. तो सपाट पडलेला आणि प्रोसेसर नव्वदच्या पुढे, तर कार्डाला ती फाइल वाचताच येत नाही, किंवा सॉफ्टवेअरमध्ये ती सोय बंद आहे. दाविंची रिझॉल्व्हच्या बाबतीत आणखी एक पाहावं लागतं: हार्डवेअर डिकोडची पूर्ण मदत पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत मिळते. मोफत आवृत्तीवर बसून कार्डाला शिव्या घालणारे मी बरेच पाहिले आहेत.

आता एन्कोडकडे वळू. वाद घालणाऱ्यांचा हा आवडता विषय आणि त्यात इतिहासाचा वाटा मोठा आहे. एनव्हेंक २०१२ मध्ये आलं तेव्हा ते घाईचं, भरडं काम करायचं. २०१८ च्या ट्युरिंग पिढीत, म्हणजे आरटीएक्स २० मालिकेत, त्याने मोठी उडी घेतली. तेव्हापासून कमी बिटरेटवर एच.२६४ मध्ये एनव्हिडिया पुढे आणि एएमडी मागे हे चित्र पक्कं झालं, आणि ते खरंही होतं. एक मोठं कारण बी-फ्रेम. दाबलेल्या व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत, आधीच्या चित्राहून काय बदललं तेवढंच साठवतात. बी-फ्रेम मागच्या आणि पुढच्या, दोन्ही चित्रांचा आधार घेते, त्यामुळे त्याच वजनात जास्त तपशील मावतो. एएमडीच्या आरएक्स ५०० आणि आरएक्स ५००० मालिकांत एच.२६४ साठी ही सोयच नव्हती. आरएक्स ६००० च्या सर्किटमध्ये ती होती, पण एएमडीच्या एन्कोडर साधनसंचात ती उपलब्ध व्हायला २०२२ उजाडलं. कार्ड विकून झाल्यावर दीड-दोन वर्षांनी त्याच्या पोटातली सोय ग्राहकाच्या हाती येते, याला काय म्हणावं!

काही दोष मात्र कोणत्याही ड्रायव्हरने दुरुस्त होत नाहीत. आरएक्स ७००० मालिकेत एएमडीने एव्ही१ हा नवा एन्कोडर दिला. तो चित्राची उंची ठरावीक मापाच्या पटीतच घेतो आणि १०८० त्या मापात बसत नाही. त्यामुळे १९२० बाय १०८० ची फिल्म १९२० बाय १०८२ होऊन बाहेर पडते, खाली दोन फाजील ओळी घेऊन. एच.२६४ मध्येही अशा जादा ओळी असतात, पण तिथे ‘एवढं कापून दाखव’ अशी सूचना फाइलमध्येच लिहिता येते. एव्ही१ मध्ये तशी सोय नाही. हा दोष सर्किटमधला होता आणि पुढच्या आरएक्स ९००० पिढीतच गेला. त्याच पिढीत एएमडीचं एच.२६४ सुधारलं आणि एव्ही१ मध्ये बी-फ्रेमही आल्या. आज नवं कार्ड घेणाऱ्यासाठी गुणवत्तेतली दरी उरली आहे, पण अरुंद.

आणि ती दिसते कुठे? यूट्यूब ४के साठी ३५ ते ४५ मेगाबिट प्रतिसेकंद एवढा बिटरेट सुचवतं आणि चढवलेली फाइल पुन्हा स्वतः दाबतं. एवढ्या मोकळ्या जागेत दोन्ही एन्कोडरांचं काम शेजारी ठेवलं तर ओळखणारा विरळा. पण लग्नाच्या धंद्यात एक जागा अशी आहे जिथे फरक डोळ्यांत भरतो: पेन ड्राइव्ह. पार्टीच्या घरी जुना टीव्ही असतो, तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्हच वाचतो आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. काकांना तर तीन तासांची फिल्म एका फाइलमध्ये हवी असते. हिशेब करा: ४ जीबी म्हणजे सुमारे ३४,३६० मेगाबिट, तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद. भागाकार ३.२ येतो. आवाजाचे काढले की चित्राला ३ मेगाबिट प्रतिसेकंद उरतात. यूट्यूबच्या ४के फाइलला दर पिक्सेलमागे जेवढे बिट मिळतात, त्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा या १०८० च्या फिल्मला मिळतो. मंगलाष्टकं संपून अक्षता उडाल्या की हजारो ठिपके एकदम हलतात आणि एन्कोडरचं पितळ तिथे उघडं पडतं. चेहऱ्यांवर चौकोन दिसतात, एलईडी भिंतीपुढचा धूर पायऱ्यापायऱ्यांचा होतो. इथे जुन्या एएमडी कार्डाचं एच.२६४ सर्वांत आधी हरतं, एनव्हिडियाचं त्यामानाने टिकतं. पण दोघांनाही मागे टाकतो तो प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो slow या पर्यायावर, दोन फेऱ्यांत, रात्री लावून ठेवावा. एका पेन ड्राइव्हसाठी कंपनी बदलण्याची गरज नाही.

ड्रायव्हरची गोष्ट वेगळी. एनव्हिडियाचे पक्के, एएमडीचे कच्चे हे समीकरण लोकांच्या डोक्यात घट्ट बसलंय. त्याला आधार आहे. प्रीमियर प्रोने २०१० मध्ये कार्डाची मदत घ्यायला सुरुवात केली तेव्हा ती फक्त एनव्हिडियाच्या कुडा तंत्रावर होती. एएमडीला दार नंतर उघडलं. प्लग-इन बनवणाऱ्यांनीही आधी कुडासाठी लिहिलं, उरलेल्या वेळात बाकीच्यांसाठी. शिवाय २०१९ पासून एनव्हिडिया गेमवाल्यांसाठी वेगळा आणि एडिटिंगवाल्यांसाठी स्टुडिओ नावाचा वेगळा ड्रायव्हर देते. त्याच सुमारास आलेल्या आरएक्स ५७०० वर स्क्रीन काळी पडण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२० च्या फेब्रुवारीत एएमडीला खास दुरुस्त्यांचा ड्रायव्हर काढावा लागला. पण २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिका आली तेव्हा काळ्या स्क्रीनची हीच तक्रार एनव्हिडियाच्या वाट्याला आली, आणि एकामागून एक तातडीचे ड्रायव्हर काढत कंपनीला एप्रिल गाठावा लागला. पक्केपणा कंपनीच्या नावात शोधण्यापेक्षा कार्डाच्या वयात शोधावा. बाजारात येऊन सहा-आठ महिने झालेलं कोणतंही कार्ड पहिल्या महिन्यातल्या कार्डापेक्षा भरवशाचं.

बिघाड ड्रायव्हरचा आहे की आणखी कशाचा, हेही पाहता येतं. कार्डाने ठरावीक वेळ, मुळात दोन सेकंद, प्रतिसाद दिला नाही की विंडोज ड्रायव्हरला नव्याने उठवतं. स्क्रीन क्षणभर काळी होते, एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद पडतं. Event Viewer मध्ये 4101 क्रमांकाची नोंद सापडते आणि तिच्यात एनव्हिडियासाठी nvlddmkm असं नाव दिसतं, एएमडीसाठी amd ने सुरू होणारं. ही नोंद एकाच इफेक्टवर, एकाच जागी पुन्हा पुन्हा पडत असेल तर संशय ड्रायव्हरवर किंवा प्लग-इनवर घ्या. साधं प्लेबॅक, गेम, ब्राउझर, कुठेही पडत असेल तर आधी पॉवर सप्लाय आणि तापमान तपासा. एएमडीच्या मशीनवर आणखी एक खोडी आढळते: विंडोज अपडेट स्वतःहून जुना ड्रायव्हर वर बसवतं आणि एएमडीचं सॉफ्टवेअर उघडायला नकार देतं. अशा वेळी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने सेफ मोडमध्ये सगळं पुसून हवा तो ड्रायव्हर नव्याने टाकावा. तोपर्यंत इंटरनेट काढून ठेवावं, नाहीतर विंडोज पुन्हा मदतीला धावतं. आणि कोणतीही कंपनी असो, हातात ऑर्डर असताना ड्रायव्हर बदलू नये. चालत असलेल्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवावी.

आता एक मशीन प्रत्यक्ष जोडून पाहू. समजा दोन सोनी कॅमेरे ४:२:२ मध्ये, एक ड्रोन आणि एक मोबाइल ४:२:० मध्ये. सोनीची ४के, २५ फ्रेमची फाइल १४० मेगाबिटने येते, म्हणजे तासाला ६३ जीबी. संध्याकाळचं रिसेप्शन अंधारलेलं, त्यामुळे नॉइज काढण्याचं काम भरपूर. डिकोड पाहिलं तर उत्तर सरळ आरटीएक्स ५० मालिका. पण नॉइज काढताना मेमरी लागते. ४के टाइमलाइनवर ८ जीबीचं आरटीएक्स ५०६० चटकन भरतं आणि रिझॉल्व्ह मेमरी संपल्याचा निरोप दाखवून थांबतं. इथे एएमडीचं पारडं जड होतं: आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी मेमरीसह ३४९ डॉलरला आलं, तर एनव्हिडियाचं १६ जीबीचं आरटीएक्स ५०६० टीआय ४२९ डॉलरला. भारतातले भाव वेगळे आणि रोज हलणारे, पण अंतराची दिशा तीच.

प्रोसेसर एएमडीचा असेल, किंवा इंटेलचा एफवाला असेल, तर या माणसाने जास्तीचे पैसे मोजून ५०६० टीआय १६ जीबी घ्यावं आणि एडिटिंग सॉफ्टवेअरची २०२५ नंतरची आवृत्ती वापरावी, कारण जुन्या आवृत्त्यांना या कार्डाची ४:२:२ ची सोय माहीतच नाही. प्रोसेसर इंटेलचा, अंगभूत ग्राफिक्ससह असेल आणि कॅमेरे एक्सएव्हीसी एचएसवर लावायची तयारी असेल, तर डिकोड इंटेलकडे सोपवून ९०६० एक्सटी १६ जीबी घेणं हा माझ्या मते शहाणपणाचा सौदा आहे. ज्याचं सारं फुटेज ४:२:० आहे, त्यानेही बेलाशक हेच कार्ड घ्यावं. तिथे एनव्हिडियाला जादा पैसे देण्याचं कारण मला दिसत नाही. विशिष्ट प्लग-इन कुडावरच चालत असेल तर गोष्ट वेगळी.

जुन्या बाजारातून घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एएमडीची आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डं स्वस्त दिसतात, पण त्यांत एन्कोडचं सर्किटच नाही. एडिटिंगसाठी ती कोणी फुकट दिली तरी नकोत. आणि जीटीएक्स १०६० सारख्या एनव्हिडियाच्या दहाव्या मालिकेला २०२५ च्या ऑक्टोबरनंतर नियमित ड्रायव्हर मिळत नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येतील, त्याही २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत. एएमडीची आरएक्स ५८० त्याआधीच, २०२३ मध्ये, मुख्य ड्रायव्हरच्या शाखेतून बाजूला काढली गेली आहे.